शिल्लक राहिलेले साडेतीन केल्विन

‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ या अमेरिकी नियतकालिकाच्या १९६५ सालच्या १४२व्या खंडात अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांचा जेमतेम दोन पानांचा एक लेख आहे. विश्वातला सर्वांत जुना प्रकाश माणसाच्या हाती लागला, त्याची ही नोंद. लेखाचे शीर्षक मात्र एखाद्या कारखान्याच्या तपासणी अहवालाला शोभेल असे आहे: ४०८० मेगासायकल वारंवारतेवर अँटेनात आढळलेल्या जादा तापमानाचे मोजमाप. विश्वाच्या जन्माबद्दल लेखक स्वतःहून काहीच सांगत नाहीत. तरीही हा लेख मला विसाव्या शतकातल्या उत्तम गद्यांपैकी एक वाटतो. लेखकांनी जेवढे मोजले तेवढेच लिहिले आणि जिथे मोजमाप संपले तिथे वाक्यही थांबवले.

लेखाचा गाभा एक वजाबाकी आहे. न्यू जर्सीतल्या होल्मडेल गावाजवळ, क्रॉफर्ड हिल या टेकडीवर बेल लॅबोरेटरीजचा वीस फूट तोंडाचा, शिंगाच्या आकाराचा अँटेना होता. तो ‘एको’ या फुगा-उपग्रहावरून परतणारे क्षीण संदेश टिपण्यासाठी बांधलेला. रेडिओच्या जगात खरखर तापमानात मोजतात: एखादी वस्तू अमुक इतक्या तापमानाला असताना जेवढी खरखर करील तेवढी मिळाली, तर ‘तापमान’ तेवढे म्हणायचे. अँटेना नेमका डोक्यावर रोखला असता एकूण ६.७ केल्विन मिळाले. आता यातले कोणाचे किती?

पहिला वाटेकरी वातावरण. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प स्वतः थोडी खरखर करतात. ती वेगळी काढण्याची युक्ती साधी आणि सुंदर आहे. अँटेना डोक्यावरून कलवत क्षितिजापासून तीस अंशांवर आणला, की नजरेच्या वाटेतली हवा दुप्पट होते, म्हणून हवेचा वाटाही दुप्पट व्हायला हवा. कोन बदलला की जे वाढते ते हवेचे. जे तसेच राहते ते हवेचे नव्हे. या रीतीने हवेचा वाटा निघाला २.३ केल्विन, अधिक-उणे ०.३.

दुसरा वाटेकरी खुद्द अँटेना. धातूच्या पत्र्यात आणि जोडांत थोडी ऊर्जा मुरते आणि खरखर होऊन बाहेर पडते. हा वाटा ०.८, अधिक-उणे ०.४. पत्र्यांच्या सांध्यांतून जास्त गळती होत असेल, ही शंका त्यांनी सांध्यांवर धातूची पट्टी चिकटवून तपासली. फरक पडला नाही. तिसरा वाटेकरी जमीन. पायाखालची माती जवळजवळ तीनशे केल्विनला असते, आणि तिच्यातले काही अँटेनाच्या पाठीमागून आत शिरले तर सगळा हिशेब बुडाला. त्यासाठी अँटेना वर रोखून, जवळपासच्या जमिनीवर दहा ठिकाणी एक छोटा प्रक्षेपक ठेवून, प्रत्येक ठिकाणी अँटेना पूर्ण गोल फिरवून तपासले. जमिनीचा वाटा ०.१ पेक्षा कमी. अँटेनात घरटे केलेल्या कबुतरांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. लेखात कबुतरे नाहीत, आणि नाहीत ते बरेच आहे. जमिनीवरचा तो प्रक्षेपक त्या कबुतरांपेक्षा खूप मोठे काम करून गेला.

६.७ मधून २.३, मग ०.८, मग ०.१ वजा. शिल्लक ३.५ केल्विन, अधिक-उणे १.०.

ही शिल्लक याच टेकडीवर आधीही कोणाच्या तरी वहीत पडली होती, म्हणून मला तिचे जास्त अप्रूप. १९६१ साली याच प्रयोगशाळेतल्या ई. ए. ओम यांनी ‘एको’च्या ग्राहक यंत्रणेचा असाच ताळेबंद मांडला होता. प्रत्येक भागाचा वाटा बेरजेत घेऊन त्यांना १८.९ केल्विन अपेक्षित होते, मोजले तेव्हा मिळाले २२.२. फरक ३.३ केल्विनचा. पण अपेक्षेतली अनिश्चितता तीन केल्विनची आणि मोजमापातली दोनहून थोडी जास्त, त्यामुळे फरक चुकीच्या पदरात सहज मावला आणि कोणाला त्याचा राग आला नाही. ओम यांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या पट्टीवर साडेतीन केल्विन दिसूच शकत नव्हते. पेन्झियास यांनी द्रवरूप हेलियमने थंड केलेला एक संदर्भ-स्रोत बांधला, सुमारे चार-पाच केल्विनचा. अँटेनाचे काही सेकंद, मग हेलियमचे काही सेकंद, अशी आलटून पालटून तुलना केली की यंत्रणेतली स्वतःची खरखर दोन्हीकडे सारखीच येते आणि बाद होते. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करण्याऐवजी ते जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची तुलना करत होते. शोध लागला तो या संदर्भ-स्रोतामुळे.

आता लेखातल्या ज्या वाक्यापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो, ते वाक्य. लेखक म्हणतात, आपल्या निरीक्षणांच्या मर्यादेत हे जादा तापमान सर्व दिशांना सारखे आहे, ध्रुवीभूत नाही, आणि जुलै १९६४ ते एप्रिल १९६५ या काळात ऋतुमानाने बदललेले नाही. तीन नकार आहेत हे, आणि ते संशयितांना एकेक करून सोडून देतात. आकाशगंगेकडून येत असते तर तिच्या पट्ट्याकडे वाढले असते. सूर्यमालेतल्या कशाकडून येत असते तर पृथ्वी वर्षभरात फिरत गेल्यावर बदलले असते. न्यूयॉर्क शहराची खरखर असती तर त्या दिशेला वाढली असती. तिन्ही नकारांवर एकच अट आहे: निरीक्षणांच्या मर्यादेत. ती अट विनयापोटी घातलेली नाही. या विषयाचा पुढचा सगळा इतिहास त्या अटीच्या पलीकडे घडला.

त्याआधी लेखाच्या शेवटी छापता छापता घातलेली एक टीप पाहू, कारण तिथे लेखकांची खरी ताकद दिसते. त्यांच्याजवळ एकाच तरंगलांबीवरचे मोजमाप होते, साधारण ७.३५ सेंटिमीटरचे. ही खरखर दूरच्या रेडिओ आकाशगंगांची मिळून झालेली नसेल कशावरून? अशा स्रोतांचा स्वभाव ठाऊक होता: तरंगलांबी दहापट केली की त्यांचे तापमान काही शेपट वाढते. म्हणजे सात सेंटिमीटरवर साडेतीन केल्विन असेल, तर चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर ते हजाराच्या वर जायला हवे. पण त्या तरंगलांबीवर इतरांनी आधीच मोजलेले आकाशाचे किमान तापमान होते अवघे सोळा केल्विन. हजार कुठे आणि सोळा कुठे. दुसऱ्याच्या एका आकड्याच्या जोरावर ज्ञात रेडिओ स्रोतांची सगळी जातच बाद झाली.

मग हे काय आहे? याचे उत्तर लेखक एका वाक्यात दुसऱ्यांकडे सोपवतात: एक शक्य खुलासा याच अंकातल्या डिकी, पीबल्स, रोल आणि विल्किन्सन यांच्या पत्रात आहे. प्रिन्स्टनचे हे चौघे तीसेक मैलांवर याच प्रारणाचा शोध घेण्यासाठी स्वतःचे उपकरण बांधत होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. विश्व प्रसरण पावत असेल, तर मागे जाताना ते दाट आणि तप्त होत जाईल. एका टप्प्यामागे ते इतके तप्त असेल की हायड्रोजनचे अणू टिकणारच नाहीत. प्रोटॉन वेगळे, इलेक्ट्रॉन वेगळे. मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊ देत नाहीत, प्रत्येक पावलाला वळवतात, म्हणून ते विश्व दाट धुक्यासारखे अपारदर्शक. प्रसरणाने ते निवत गेले, तीन हजार केल्विनच्या आसपास आले, इलेक्ट्रॉन प्रोटॉनांना चिकटले, आणि धुके विरले. हे घडले तेव्हा विश्वाचे वय सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे होते. तेव्हा मोकळा सुटलेला प्रकाश १३८० कोटी वर्षे चालत आपल्यापर्यंत येतो आहे. दरम्यान विश्व अकराशे पटींनी ताणले गेले, प्रकाशाची प्रत्येक लहर तेवढीच ताणली गेली, आणि तीन हजार केल्विनचा केशरी उजेड तीन केल्विनच्या आतबाहेरचे मायक्रोवेव्ह प्रारण झाला. आरंभीच्या धगीची उरलेली आभा ती हीच, आणि ती सगळीकडे आहे: या क्षणी तुमच्यासमोरच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये तिचे चारशेहून अधिक प्रकाशकण आहेत.

यातला तीन हजार हा आकडा जाणकाराला खटकायला हवा. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा पाहिली तर अणू याहून कितीतरी जास्त तापमानाला बनायला हवे होते. पण विश्वात प्रत्येक प्रोटॉनमागे शंभर कोटींहून अधिक प्रकाशकण आहेत. सरासरी प्रकाशकण दुबळा झाला तरी एवढ्या गर्दीत अणू फोडू शकणारे थोडे दांडगे शिल्लक राहतातच. तेही पुरेसे निवेपर्यंत थांबावे लागले.

‘शक्य खुलासा’ इतकेच विल्सन म्हणतात, यामागे एक मनःस्थितीही होती. कॅलटेकमध्ये ते फ्रेड हॉईल यांच्या व्याख्यानांना बसले होते आणि विश्वाला आरंभ नाही असे सांगणारा हॉईल यांचा स्थिर-स्थिती सिद्धान्त त्यांना आवडत असे. मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. हॉईल यांचे शिष्य आणि सहकारी असलेल्या नारळीकरांनी या प्रारणाचा दुसरा अर्थ लावण्याचा प्रयत्न अखेरपर्यंत सोडला नाही. १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी मांडलेल्या स्थिरवत-स्थिती प्रारूपात हा उजेड ताऱ्यांचाच होता. अवकाशात विखुरलेल्या धातूच्या सूक्ष्म, सुईसारख्या कणांनी तो शोषून, एकजीव करून, मायक्रोवेव्हच्या रूपात परत सोडलेला. हा खुलासा मला पटत नाही. पण तो नेमक्या जागी बोट ठेवत होता: प्रारण सापडणे वेगळे आणि त्याचा उगम ठरणे वेगळे.

उगम ठरवायला एका तरंगलांबीवरचा आकडा पुरत नाही, सगळा वर्णपट लागतो. नोव्हेंबर १९८९ मध्ये ‘कोबे’ उपग्रह निघाला आणि दोन महिन्यांत जॉन माथर यांनी खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत पहिला वर्णपट पडद्यावर लावला. श्रोते उठून टाळ्या वाजवू लागले. मोजलेले बिंदू आणि सिद्धान्ताची वक्ररेषा यांत डोळ्याला फट दिसत नव्हती. पुढच्या पृथक्करणात फरक दहा हजारांत एकाहूनही कमी निघाला. पूर्ण समतोलात असलेल्या वस्तूच्याच प्रारणाला असा आकार येतो. आजचे विश्व अशा समतोलात मुळीच नाही. कुठे तारे, कुठे रितेपण. विखुरलेल्या सुयांनी हे काम इतक्या अचूकपणे करावे हे फार अवघड आहे. दाट, तप्त आणि एकजीव अवस्थेत ते आपोआप होते. तापमान ठरले २.७२५ केल्विन. पेन्झियास-विल्सन यांच्या ३.५ अधिक-उणे १.० मध्ये ते बसते.

आता ते तीन नकार. मर्यादा ओलांडल्यावर तिन्ही खोटे ठरले, आणि विश्वाबद्दल आपल्याला जे कळले त्यातले बहुतेक त्यांच्या खोटे ठरण्यातून कळले.

ऋतूंपासून सुरुवात करतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटरने धावते. पुढच्या दिशेचे आकाश त्यामुळे किंचित गरम, मागचे किंचित थंड, आणि ही दिशा वर्षभरात फिरते. फरक एका केल्विनच्या दहा हजारांत सुमारे तीन भागांचा. १९६५च्या उपकरणाला तो दिसणे अशक्य. पण पृथ्वीचा वेग आपल्याला अत्यंत अचूक ठाऊक आहे, म्हणून हा वार्षिक चढउतार नेमका किती असला पाहिजे हेही ठाऊक आहे. ‘प्लँक’ उपग्रहाने आपले मापन याच चढउतारावर जुळवून घेतले. ऋतुबदल नाही हा ज्या लेखाचा पुरावा होता, त्याच प्रारणाचा ऋतुबदल आज मोजपट्टी झाला आहे.

दिशांचा नकार दोनदा मोडला. एकदा आपल्या स्वतःच्या गतीने: सूर्यमाला या प्रारणाच्या संदर्भात सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटरने चालली आहे, म्हणून सिंह राशीच्या बाजूचे आकाश तीन मिलिकेल्विनहून थोडे जास्त गरम दिसते. तो फरक वजा केल्यावर १९९२ साली ‘कोबे’लाच एक लाखात एक भाग इतके बारीक डाग दिसले, आणि ते डाग आपले नव्हते, त्या पहिल्या उजेडाचेच होते. डाग नसते तर आपणही नसतो. त्या दाट-विरळपणातूनच पुढे आकाशगंगा बनल्या.

डागांच्या आकारांची मोजदाद केली की एक वक्र मिळतो, चढउतारांचा. त्याचे पहिले शिखर साधारण एक अंशाच्या डागांवर येते. ते असे वाचायचे. धुके विरण्याआधी प्रकाश आणि पदार्थ एकत्र बांधलेले होते. गुरुत्व दाट जागी पदार्थ ओढे, प्रकाशाचा दाब त्याला परत फेकी, आणि त्यातून ध्वनिलहरी उठत. ३ लाख ८० हजार वर्षांत असा ध्वनी किती अंतर कापील ते गणिताने काढता येते. म्हणजे खरी लांबी ठाऊक असलेली एक काठी आपल्याला १३८० कोटी वर्षांपलीकडे दिसते आहे, आणि तिचा कोनही मोजता येतो. अवकाश वक्र असते तर हा कोन मोठा किंवा लहान दिसला असता. तो सपाट अवकाशाला हवा तेवढाच दिसतो.

दुसरे शिखर पहिल्यापेक्षा बरेच बुटके आहे, आणि त्यात पदार्थाचे वजन लपलेले आहे. पहिले शिखर लहर पुरती दाबली गेल्याचे, दुसरे ती पुरती विरळ झाल्याचे. साध्या पदार्थाचा भार जितका जास्त तितके दाबणे जोरदार आणि उसळणे कमी. दोन शिखरांच्या उंचीतल्या फरकावरून विश्वात साधा पदार्थ, ज्यात तारे, हवा, आपण सगळे आलो, एकूण ऊर्जेच्या फक्त पाच टक्के आहे असे निघते. तिसरे शिखर जवळजवळ दुसऱ्याइतकेच उंच आहे. प्रकाशाचा दाब ज्याला लागत नाही आणि जो फक्त ओढतो, अशा कृष्णपदार्थाशिवाय ते तेवढे उंच राहत नाही. कृष्णपदार्थ एकचतुर्थांशाहून थोडा जास्त. तो काय आहे हे या वक्रातून कळत नाही, किती आहे एवढेच कळते.

तिसरा नकार ध्रुवीभवनाचा. तो २००२ साली दक्षिण ध्रुवावरच्या ‘दासी’ या दुर्बिणीने मोडला. डागांच्याही दहाव्या हिश्श्याइतके क्षीण ध्रुवीभवन सापडले, आणि ते सिद्धान्ताने सांगितल्याप्रमाणेच होते. याच वाटेवर पुढे एक मोठी ठेच लागली. मार्च २०१४ मध्ये, त्याच ध्रुवावरच्या ‘बायसेप २’ प्रयोगाच्या गटाने ध्रुवीभवनात एक वेटोळी आकृती सापडल्याचे जाहीर केले. विश्वाच्या पहिल्या क्षणांतल्या गुरुत्वलहरींची ती खूण मानली गेली. मोजमाप बरोबर होते. पण ते मुख्यतः एकाच वारंवारतेवर, १५० गिगाहर्ट्झवर होते, आणि आपल्या आकाशगंगेतली धूळही असेच ध्रुवीभवन करते. ‘प्लँक’ने वरच्या वारंवारतेवर मोजलेली धूळ २०१५ साली वजा केल्यावर गुरुत्वलहरींचा खात्रीलायक असा काही शेष उरला नाही. पेन्झियास आणि विल्सन यांच्याजवळही एकच वारंवारता होती. त्यांनी ती उणीव दुसऱ्या वारंवारतेवरच्या सोळा केल्विनच्या आकड्याने भरून काढली होती. २०१४ साली असा आकडा हाताशी नव्हता. त्या शेवटच्या टिपेचे मोल मला तेव्हा पुरते समजले.

या प्रारणाने न सांगितलेलेही बरेच आहे. धुक्याच्या पलीकडचे, म्हणजे पहिल्या ३ लाख ८० हजार वर्षांतले, कोणत्याही प्रकाशाने थेट दिसणार नाही. त्याचा तर्कच करावा लागतो. आणि एक हिशेब आज जुळत नाही. डागांच्या वक्रावरून विश्वाच्या प्रसरणाचा आजचा वेग काढला तर तो दर मेगापार्सेकला सेकंदाला ६७.४ किलोमीटर येतो. जवळच्या ताऱ्यांवरून आणि अतिनवताऱ्यांवरून थेट मोजला तर त्र्याहत्तरच्या आसपास. दोन्हीकडच्या अनिश्चितता फरकापेक्षा लहान आहेत, त्यामुळे ओम यांच्याप्रमाणे तो चुकीच्या पदरात घालता येत नाही.

पेन्झियास-विल्सन यांचा मूळ लेख इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या कोणालाही तो तासाभरात समजेल. वाचताना कागद-पेन्सिल घेऊन ६.७ मधून एकेक वाटा स्वतः वजा करा, आणि शेवटची टीप वगळू नका.